वाचता न येणाऱ्या उत्तरदात्यांसाठी संमतीचे निवेदन कसे लिहावे : खान्देशातील एका पाहणीच्या आधारे

घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत संमतीपत्रक बहुधा इंग्रजीत आधी तयार होते, मग त्याचे मराठी भाषांतर होते, आणि शेवटी ते भाषांतर एखाद्या बाईला तिच्या ओट्यावर वाचून दाखवले जाते. डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिलेला मजकूर ती कानांनी ऐकते. तिला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही, ठळक अक्षरे दिसत नाहीत, आणि लांब वाक्याच्या शेवटी क्रियापद येईपर्यंत सुरुवातीचा कर्ता तिच्या मनातून निसटलेला असतो. त्यामुळे ऐकवायचे निवेदन छापील पत्रकाला सोपे करून मिळत नाही. ते मुळापासून बोलण्यासाठीच लिहावे लागते.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. जळगाव जिल्ह्यातील चोपडा परिसरात कापूस वेचणाऱ्या शेतमजूर बायकांची पाहणी करायची आहे, असे समजा. प्रत्येकीला तिचे काम, जेवण आणि आजारपण यांविषयी अर्धा तास प्रश्न विचारायचे आहेत, आणि बोटाला टोचून हिमोग्लोबिन तपासायचे आहे. उत्तरदात्यांपैकी पुष्कळ जणी अहिराणी बोलतात, सातपुड्याकडच्या वस्त्यांमध्ये पावरी ऐकू येते, आणि अनेक जणींना सही करता येत नाही.

लिहिण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती देणाऱ्या व्यक्तीला काही गोष्टी सांगणे बंधनकारक आहे. हे संशोधन आहे, ते कशासाठी आहे, किती वेळ लागेल, काय त्रास होऊ शकतो, काय लाभ मिळेल, माहिती गुप्त कशी राहील, सहभाग ऐच्छिक आहे आणि तो कधीही थांबवता येतो, अडचण आली तर कोणाशी बोलायचे, या त्या गोष्टी होत. व्यक्तीला वाचता येत नसेल तर संमतीची सगळी प्रक्रिया एका निष्पक्ष साक्षीदारासमोर व्हावी लागते, आणि अंगठ्यासोबत त्या साक्षीदाराची सही घ्यावी लागते. हे सगळे निवेदनात यायलाच हवे. मात्र कोणत्या क्रमाने यावे हे लिहिणाऱ्याने ठरवायचे असते, आणि माझ्या मते निवेदनाची निम्मी गुणवत्ता त्या क्रमातच असते.

छापील पत्रकात संशोधनाचा हेतू पहिल्यांदा येतो आणि ऐच्छिक सहभाग शेवटी येतो. ऐकणाऱ्यासाठी हा क्रम उलटा पडतो. गावात वही आणि पेटी घेऊन कोणी आले की बाई मनात एकच प्रश्न धरून ऐकत असते: हे लोक कोणत्या योजनेचे आहेत? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत बाकीचे काही तिच्या कानात शिरत नाही. तुम्ही हेतू समजावत असताना ती आत जाऊन आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन येते आणि ते नीट तुमच्यासमोर मांडते. ती कागदपत्रे दिसली की आतापर्यंतचे निवेदन तिच्यापर्यंत पोचले नाही, असे समजून ते तिथेच थांबवावे आणि सुरुवातीपासून पुन्हा सुरू करावे. म्हणूनच आपण कोण आहोत हे सांगितल्यावर लगेच आपण कोण नाही हे सांगायचे. हेतू त्यानंतर येतो.

वाक्य कसे घडवावे

छापील संमतीपत्रकात हमखास आढळणारे एक वाक्य असे असते: ‘सदर संशोधन प्रकल्पातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता सहभाग मागे घेऊ शकता व त्यामुळे आपणास मिळणाऱ्या आरोग्यसेवांवर कोणताही विपरीत परिणाम होणार नाही.’ यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबलेल्या आहेत, आणि त्यातल्या एकीतही ऐकणारीने प्रत्यक्षात काय करायचे ते सांगितलेले नाही. तेच असे सांगता येते: ‘तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. का नाही, ते सांगायची गरज नाही. मधेच नकोसं वाटलं तर “बस” म्हणा. आम्ही थांबू. त्यामुळे तुमचा दवाखाना, तुमचं रेशन, लाडकी बहीणचे पैसे, यातलं काहीही बंद होणार नाही.’

या बदलात पाळलेले नियम मोजकेच आहेत. एका वाक्यात एकच गोष्ट ठेवली, वाक्य एका श्वासात संपेल एवढेच ठेवले, आणि ‘आरोग्यसेवा’ या मोघम शब्दाऐवजी जे गमावण्याची तिला खरोखर भीती वाटते त्या गोष्टींची नावे घेतली. शिवाय नकार देण्यासाठी तिच्या तोंडी द्यायचा शब्द निवेदनातच ठेवला. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणे अनेक बायकांना अवघड जाते, म्हणून ‘आज नको’, ‘घरी विचारून सांगते’, ‘बस’ अशी नकाराची तयार वाक्ये आपणच पुढे करावीत. घरी विचारून सांगते असे ती म्हणाली तर दुसऱ्या दिवशी जावे. मात्र नवऱ्याने किंवा सासूने होकार दिला, तर तो तिच्या होकाराच्या जागी धरता येत नाही.

रक्ताविषयी विशेष काळजी

या पाहणीतला सर्वांत नाजूक भाग बोटाला टोचण्याचा आहे, आणि निवेदनात नेमकी तिथेच घाई होते. ‘रक्ताचा एक थेंब घेऊ’ असे सांगणे लिहायला सोपे आहे, पण प्रत्यक्षात तसे घडत नाही. बोटावरच्या रक्ताने हिमोग्लोबिन मोजताना पहिले दोन-तीन थेंब कापसाने पुसून टाकतात, कारण पहिल्या थेंबात त्वचेखालचा पाण्यासारखा द्रव मिसळलेला असतो आणि त्यामुळे आकडा चुकतो. बोट जोरात पिळले तरी तोच दोष येतो. नंतरचा थेंब पट्टीत भरला जातो, तो साधारण 10 मायक्रोलिटरचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून लहान असतो. आता जिला एकच थेंब सांगितला आहे, तिच्यासमोर एकामागून एक थेंब निघून कापूस लाल झाला, तर ती हात मागे ओढते. तिच्या बाजूने पाहिले तर ते बरोबरच आहे, कारण तिला सांगितले ते आणि घडले ते वेगळे होते. दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतली दारे उघडत नाहीत, याचे मूळ पुष्कळदा अशा एका वाक्यात सापडते. म्हणून ज्याच्या हातात सुई असणार आहे, त्याला कामाच्या पायऱ्या क्रमाने करून दाखवायला सांगावे, आणि त्या पाहूनच निवेदन लिहावे.

सुई नवीन आहे हे नुसते सांगू नये. तिच्यासमोर पाकीट उघडून दाखवावे आणि दाखवण्याची ती जागा निवेदनात नोंदवावी. रक्ताचे पुढे काय होते हेही स्पष्ट हवे, कारण रक्त बाहेर नेऊन विकतात किंवा त्यातून दुसराच आजार शोधतात, अशी शंका मनात असू शकते. या उदाहरणात मोजणी तिथेच होते, पट्टी टाकून दिली जाते आणि रक्त कुठेही नेले जात नाही. ते प्रयोगशाळेत न्यायचे असेल, तर निवेदनात हे वाक्य ठेवता येणार नाही.

फायद्याविषयी लिहिताना हात आखडता ठेवावा. तिला त्याच वेळी आकडा कळेल, एवढाच खरा फायदा आहे. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटर रक्तात 12 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो रक्तक्षय ठरतो, आणि 8 पेक्षा कमी असेल तर तो तीव्र मानला जातो. हे आकडे निवेदनात वाचून दाखवायचे नाहीत, पण कमी निघाल्यास आपण काय करणार ते मात्र सांगायलाच हवे: प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी देऊ, गोळ्या आमच्याकडे नाहीत. गोळ्यांविषयीचे हे वाक्य गाळले, तर तपासणी म्हणजे इलाज असा समज होतो आणि बाई दुसऱ्या दिवशी औषधाची वाट पाहत बसते.

पूर्ण निवेदन

आता या सगळ्याचा उपयोग करून तयार झालेले निवेदन पाहा. ते बोलीभाषेच्या वळणाचे आहे, कारण ते बोलायचे आहे. ‘थांबा’ लिहिले आहे तिथे वाचणाऱ्याने खरोखर थांबून समोरच्या बाईकडे पाहायचे आहे. मोठ्या वयाच्या बाईला ताईऐवजी मावशी म्हणावे.

‘ताई, नमस्कार. माझं नाव अमुक. आम्ही अमुक संस्थेकडून आलो आहोत. आम्ही ग्रामपंचायतीचे नाही. आम्ही कुठल्याही योजनेचा फॉर्म भरत नाही. आम्हाला आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक काहीही नको. (थांबा)

कापूस वेचणाऱ्या बायकांची तब्येत कशी असते, हे आम्ही शिकतो आहोत. त्यासाठी गावातल्या बऱ्याच बायकांना आम्ही तेच प्रश्न विचारतो आहोत. यातून तुम्हाला पैसे किंवा वस्तू मिळणार नाहीत. (थांबा)

तुम्ही हो म्हणालात तर दोन गोष्टी होतील. पहिली गोष्ट, मी तुम्हाला अर्धा तास प्रश्न विचारीन. कामाचे, जेवणाचे, दुखण्याखुपण्याचे. काही प्रश्न पाळीचे आणि बाळंतपणाचे आहेत. एखादा प्रश्न नको वाटला तर “पुढचा विचारा” म्हणा. (थांबा)

दुसरी गोष्ट, ह्या ताई तुमच्या बोटाला एकदा टोचतील. सुई नवीन आहे, तुमच्यासमोर पाकीट उघडू. (पाकीट दाखवा) टोचताना दुखेल, थोडा वेळ ठणकेल. पहिले दोन-तीन थेंब पुसून टाकू. मग एक थेंब ह्या पट्टीत घेऊ. तो ज्वारीच्या दाण्याहून लहान असतो. तुमच्या अंगात रक्त किती आहे ते हे यंत्र लगेच सांगेल. पट्टी टाकून देऊ. तुमचं रक्त आम्ही कुठेही नेणार नाही. दुसरा कुठलाही आजार यातून तपासणार नाही. (थांबा)

रक्त कमी निघालं तर तुम्हाला सांगू आणि दवाखान्याची चिठ्ठी देऊ. गोळ्या आमच्याकडे नाहीत. (थांबा)

तुम्ही सांगाल ते आम्ही सरपंच, शेतमालक, मुकादम किंवा तुमच्या घरच्यांना सांगणार नाही. उत्तरांच्या कागदावर तुमचं नाव नसेल, नंबर असेल. नावाचा कागद वेगळा, कुलुपात. आम्ही काम नीट करतो का हे बघणारी एक समिती आहे. तिची माणसं कागद बघू शकतात. (थांबा)

तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. का नाही, ते सांगायची गरज नाही. प्रश्नांना हो आणि सुईला नाही, असंही चालेल. मधेच नकोसं वाटलं तर “बस” म्हणा. आम्ही थांबू. त्यामुळे तुमचा दवाखाना, तुमचं रेशन, लाडकी बहीणचे पैसे, यातलं काहीही बंद होणार नाही. (थांबा)

ह्या कागदावर दोन फोन नंबर आहेत. एक आमचा, एक त्या समितीचा. कागद तुमच्याजवळ ठेवा. नंतर काही वाटलं तर कोणाकडूनही नंबर लावून घ्या आणि बोला. आता तुम्हाला काय विचारायचं आहे?’

हे निवेदन सावकाश वाचायला, थांबण्यासह, साधारण पाच मिनिटे लागतात. यापेक्षा ते फार वाढले तर ऐकणारीचे लक्ष चुलीकडे किंवा रडणाऱ्या लेकराकडे जाते. पाहणीत आणखी काही असेल, उदाहरणार्थ फोटो किंवा आवाजाचे ध्वनिमुद्रण, तर त्याची परवानगी त्या त्या वेळी वेगळी घ्यावी. शेवटचा प्रश्न ‘काही विचारायचं आहे का?’ असा नाही, हे लक्षात घ्यावे. तशा प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर तयारच असते.

बोलीत उतरवणे आणि तपासणे

वरचा मजकूर प्रमाण मराठीच्या जवळचा आहे. चोपड्याकडे तो अहिराणीत, सातपुड्याच्या वस्तीत पावरीत सांगावा लागेल. मुलाखतकाराने जागच्या जागी, मनाने भाषांतर करणे ही यातली सर्वांत मोठी चूक ठरते, कारण मग प्रत्येक घरात वेगळे निवेदन होते, आणि घाईच्या दिवशी नकाराचा परिच्छेद सगळ्यात आधी गळतो. बोलीतले निवेदन आधीच देवनागरीत लिहून ठेवावे. ती बोली घरात बोलणाऱ्या बाईला मराठी मजकूर वाचून दाखवावा, तिने तो तिच्या शब्दांत सांगावा, आणि तिचे बोलणे लिहून घ्यावे. ‘तुमना राशनले काही व्हवाव नही’ हे वाक्य तिच्या तोंडून जसे येते तसेच राहू द्यावे, शाळेतल्या मराठीच्या जवळ ओढू नये. मग मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून त्या बोलीचे पुन्हा मराठी करून घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. फरक बहुतेक वेळा तीनच ठिकाणी निघतो: नकार, गुप्तता आणि फायदा. ‘चिठ्ठी देऊ’चे ‘दवाखान्यात नेऊ’ झाले असेल, तर ते तिथेच दुरुस्त करावे.

त्यानंतर पाहणीत न येणाऱ्या शेजारच्या गावातल्या पाच-सहा मजूर बायकांसमोर निवेदन वाचावे. शिकलेल्या कार्यकर्तीसमोर वाचून उपयोग नाही, तिला आधीच सगळे ठाऊक असते. ज्या वाक्यावर बायका एकमेकींकडे पाहतात किंवा ज्यानंतर विषयच बदलतो, त्या वाक्यावर खूण करावी आणि ते पुन्हा लिहावे.

समजले की नाही, हे कसे ओळखावे

‘समजलं का?’ या प्रश्नाला होच उत्तर येते, म्हणून तो प्रश्न निवेदनातून काढून टाकावा. त्याऐवजी तिलाच सांगायला लावावे, आणि परीक्षा घेतल्यासारखे वाटू नये म्हणून समजावण्याची जबाबदारी आपल्याकडे घ्यावी: ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघायचं आहे. आम्ही गेल्यावर शेजारणीनं विचारलं, या बाया कशाला आल्या होत्या, तर तुम्ही काय सांगाल?’ त्यानंतर आणखी चार प्रश्न पुरतात. बोटाला काय करणार? त्यातून तुम्हाला काय मिळेल? तुमचं उत्तर शेतमालकाला कळेल का? मधेच नको वाटलं तर काय कराल?

समजा, एकीने उत्तर दिले, ‘रक्त तपासून गोळ्या देणार.’ मग सगळे निवेदन पुन्हा वाचायचे नाही. चिठ्ठीचा आणि गोळ्यांचा परिच्छेद पुन्हा वाचावा आणि तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारावा: ‘मग गोळ्या कोण देईल?’ ‘दवाखाना’ असे उत्तर आले तर पुढे जावे. दुसऱ्यांदाही चुकले तर आभार मानून उठावे. तिची मुलाखत घेऊ नये, मग त्या दिवसाचा आकडा कमी भरला तरी चालेल. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे उत्तर आणि प्रश्न संपण्याआधीच पुढे केलेला अंगठा, ही दोन्ही न समजल्याचीच चिन्हे आहेत. शेवटच्या प्रश्नाला ‘सांगितलं तेवढं करावंच लागेल ना’ असे उत्तर आले, तर ती स्वतःला बांधलेली समजते आहे. तिथे नकाराचा परिच्छेद पुन्हा वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

साक्षीदार आणि अंगठा

साक्षीदाराला वाचता यायला हवे, निवेदनाची बोली कळायला हवी, आणि त्याचा संशोधनाशी संबंध नसावा, म्हणजे आपल्या गटातला माणूस चालत नाही. त्याने निवेदन सुरू होण्यापासून अंगठ्यापर्यंत हजर राहायचे आहे. सही शेवटी येऊन करायची नाही. गावात सहज मिळणारी माणसे बहुधा या कामाला योग्य नसतात. ज्याच्या शेतात कापूस वेचायला जायचे, तो शेतमालक किंवा मजूर नेणारा मुकादम साक्षीला बसला, तर बाईला नाही म्हणणे शक्यच नसते. गोळ्या, लसीकरण आणि बाळंतपण यांसाठी तिला आशाताईवरच अवलंबून राहावे लागते, म्हणून आशाताईही टाळावी. शेजारची बारावी झालेली सून, वाड्यातली शिकणारी पण सज्ञान मुलगी, बाईने स्वतः सुचवलेली मैत्रीण, यांपैकी कोणी बरे. संमती झाल्यावर साक्षीदाराने उठून जावे, कारण पाळीचे आणि बाळंतपणाचे प्रश्न साक्षीदारासमोर विचारायचे नाहीत.

अंगठ्याविषयी स्वतंत्रपणे बोलावे लागते. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा लावला की धान्याची नोंद होते, बँकेच्या यंत्रावर लावला की पैसे निघतात, त्यामुळे अनोळखी माणसाच्या कागदावर अंगठा देताना पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. म्हणून अंगठ्याआधी हे वाचावे: ‘हा शाईचा अंगठा फक्त ह्या कागदावर राहील. ह्यानं पैसे निघत नाहीत, जमीन जात नाही, रेशन कापलं जात नाही. मी सांगितलं, तुम्ही ऐकलं आणि हो म्हणालात, एवढंच ह्यातून दिसतं. अंगठा दिल्यावरही तुम्ही थांबवू शकता.’ प्रश्नांसाठी एक आणि रक्तासाठी एक, अशा दोन वेगळ्या चौकटी कागदावर ठेवाव्यात, म्हणजे एकीला हो आणि दुसरीला नाही म्हटलेले स्पष्ट दिसते. अंगठ्याशेजारी तिचे नाव मुलाखतकाराने लिहावे आणि साक्षीदाराने स्वतःचे नाव, सही व तारीख घालावी. एखादी बाई सगळे समजूनही अंगठा द्यायला तयार नसेल, तर साक्षीदारासमोरचा तोंडी होकार चालेल का, हे नैतिक समितीला आधीच विचारून ठेवावे. दारात उभे राहून ते ठरवू नये.

अंगठा घेतल्यावर निवेदनाची एक प्रत तिला द्यावी. तिला वाचता येत नाही म्हणून ती देण्याचे टाळू नये, कारण संध्याकाळी शाळेतून आलेली मुलगी ती वाचून दाखवते. प्रतीवर फोन नंबर मोठ्या अक्षरांत असावेत, आणि त्या नंबरावर अहिराणीत उत्तर देणारा माणूस कोणत्या वेळेला भेटेल तेही लिहावे. जिने नकार दिला तिचे नाव कुठेही लिहू नये. त्या दिवशीच्या नकारांची संख्या तेवढी मोजावी.

प्रत्येक निवेदनावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख घालावी. पाहणी सुरू झाल्यावर एखादे वाक्य खटकले, तर ते मुलाखतकाराने दारातच बदलू नये. ते वहीत टिपून ठेवावे, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून नवा शब्द ठरवावा, तो समितीकडे पाठवावा, आणि मान्यता आल्यावर जुन्या प्रती सगळ्यांकडून परत घेऊन नव्या द्याव्यात. त्या काळात त्या वाक्यामुळे बायकांचा खरोखर चुकीचा समज होत असेल, तर मुलाखती तेवढे दिवस थांबवाव्यात.